माझ्याविषयी थोडक्यात

१

सोमवार ते शनिवार मी लोकांचे कान तपासते. सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात आवाजबंद काचेची खोली आहे. पेशंट आत हेडफोन लावून बसतो, मी बाहेर यंत्रापाशी. एक वाक्य मी दिवसातून वीसदा म्हणते, "आवाज आला की बटण दाबा. कितीही बारीक असला तरी दाबा."

काही जण न वाजलेल्या आवाजालाही बटण दाबतात. ते खोटं बोलत नसतात. वाट बघून बघून त्यांना खरंच ऐकू येतं. अशी शंका आली की मी थोडा वेळ काहीच वाजवत नाही आणि नुसती बघत राहते. बटण दाबलं गेलं, तर तो कानाचा नाही, मनाचा प्रकार. हे मी आधीच सांगते, म्हणजे पुढचं ऐकताना मला कुणी शिकवायला येऊ नये.

वय त्रेचाळीस. घटस्फोटाला अकरा वर्षं झाली. दवाखान्यापासून सात मिनिटांवर, पाडून नव्यानं बांधलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर माझी एक खोली-स्वयंपाकघर आहे. पहिल्या दिवसापासून त्यात मीच राहते. माझ्याआधी तिथं कुणी राहिलेलं नाही.

लग्न जुळवण्याच्या साइटवर माझं नाव घातलं ते माझ्या भावाच्या बायकोनं, उल्कानं. मागच्या दिवाळीत भावाच्या, म्हणजे श्रीनिवासच्या, घरी फराळ करता करता. मी 'बरं' म्हटलं, कारण 'नको' म्हटलं की एक तास जातो. सात महिने झाले. आठवड्याला तीस-चाळीस 'पसंती' यायच्या. मी रविवारी दोन-तीन फोन करायची. प्रत्येक फोन चांगला सुरू व्हायचा आणि दहाव्या मिनिटाला समोरचा माणूस गोंधळायचा. का, ते मला जूनमध्ये कळलं.

साताऱ्याचे एक गृहस्थ होते. म्हणाले, "सुनीतीबाई, पहाटेचा रियाज अजून चालू आहे ना आपला?"

"कसला रियाज?"

"गाण्याचा. आपणच लिहिलंय."

मला गाता येत नाही. शाळेत समूहगीतातसुद्धा बाई मला नुसते ओठ हलवायला सांगायच्या.

फोन ठेवला आणि साइटवर 'इतरांना असं दिसतं' हे बटण दाबून स्वतःचा परिचय पहिल्यांदा पूर्ण वाचला.

'मी हसतमुख आणि कुटुंबवत्सल आहे. पहाटे पाचला उठून रियाज करते. उठल्यावर आधी खिडक्या उघडते, कोंदट घर मला सहन होत नाही. चहा बिनसाखरेचा लागतो. घरात माणसं असली की मला बरं वाटतं. एकटं राहणं माझ्या स्वभावात नाही.'

मी आठला उठते. धुळीची ॲलर्जी म्हणून रस्त्याकडची खिडकी वर्षभर बंद असते. चहात दोन चमचे साखर. आणि माणसं घरी येऊन गेली की मी अर्धा तास नुसती गप्प बसते. एकही ओळ माझी नव्हती. पण ते वाचताना एक बाई डोळ्यांसमोर स्पष्ट उभी राहत होती, हे मला आवडलं नाही.

२

उल्काला फोन लावला.

"ताई, मी फक्त यादीतल्या खुणा केल्या हो. आवडी विचारतात ना, तिथं संगीत, स्वयंपाक, बागकाम. मग 'मजकूर सुचवा' असं बटण येतं. ते दाबलं की साइटच परिच्छेद लिहून देते. मध्येमध्ये सांगायचे, तुमचा परिचय साठ टक्केच पूर्ण आहे, आणखी भरा. मी भरत गेले."

"आणि बिनसाखरेचा चहा?"

"ते मी नाही लिहिलं. तुम्हीच लिहिलं असेल नंतर."

"मी?"

"नाहीतर श्रीनिवासनं. जाऊ दे ना ताई, चांगलंच लिहिलंय. घटस्फोटित म्हटलं की लोक आधीच बिचकतात."

मीही विचार केला, यंत्रानं भर घातली असेल. संगीत म्हटलं की रियाज, रियाज म्हटलं की पहाट, पहाट म्हटली की खिडकी. एकातून एक निघत जातं. सगळ्याला कारण होतं.

त्याच दुपारी मी सगळा मजकूर खोडला. 'प्रोफाइल कोणी तयार केलं' या रकान्यात 'भावंड' होतं, तिथं 'स्वतः' केलं. श्रीनिवासच्या लग्नातला नऊवारीतला नऊ वर्षं जुना फोटो काढून दवाखान्याच्या दाराशी माझ्या सहकारी वासंतीनं काढलेला टाकला. चष्म्यासकट, पिकल्या केसांसकट. 'संगीत'वरची खूण काढली. अपेक्षांमध्ये उल्कानं जात, उंची, पगार असं काय काय ठरवून ठेवलं होतं, ते सैल केलं. मग कोऱ्या चौकटीपुढे पाऊण तास बसले. स्वतःविषयी विशेषणं सुचतात, माहिती सुचत नाही. शेवटी ठरवलं, विशेषण एकही लिहायचं नाही. समोरच्याला तपासून बघता येईल तेवढंच लिहायचं.

'मी लोकांचे कान तपासते. आठला उठते. चहा गोड लागतो. मला गाता येत नाही, पण दुसऱ्याचं बोलणं नीट ऐकून घेता येतं. घटस्फोट अकरा वर्षांपूर्वी झाला. आमचं भांडण नव्हतं, बोलणंच नव्हतं. मूल नाही. पाहुण्यांनी मी थकते. एकटी राहते. त्याची सवय झाली आहे, आवड नाही.'

शेवटचं वाक्य दोनदा खोडून तिसऱ्यांदा ठेवलं.

'जतन करा' दाबल्यावर सूचना आली. बदल तपासणीसाठी गेला आहे. चोवीस तास लागू शकतात. तोपर्यंत जुनाच मजकूर दिसेल. मग ओळख पडताळणी. फोन समोर धरायचा, गोल चौकटीत चेहरा आणायचा. फोनमधली बाई सांगते, डावीकडे बघा, उजवीकडे बघा, डोळे मिटा, आणि प्रत्येक वेळी जमलं की बारीक टिक वाजते. फोटोतला माणूस आणि फोन धरणारा माणूस एकच आहे हे त्यांना बघायचं असतं. झालं. नावापुढे निळी खूण आली.

सोमवारी दुपारी मेसेज आला, 'आपला नवीन परिचय मंजूर झाला आहे. जुना मजकूर काढून टाकण्यात आला आहे.'

मंगळवारी सकाळी उठले, तर रस्त्याकडची खिडकी उघडी होती.

३

खिडकीचं मी मनावर घेतलं नाही. कडी सैल झाली असेल. सुतार बोलावला, त्यानं कडी बदलली आणि म्हणाला, "जुनी चांगली होती की." बुधवारी नवी कडी वर सरकवलेली आणि खिडकी उघडी होती.

गुरुवारी चहाचा पहिला घोट कडू लागला. दोन चमचे घातल्याचं मला आठवत होतं. पण रोज केलेल्या गोष्टीची आठवण ही कुठल्याही दिवसाची असू शकते. तेही सोडून दिलं.

शुक्रवारी पहाटे जाग आली. पाच वाजून काही मिनिटं. स्वयंपाकघरातून एक सूर येत होता. गाणं नव्हे. खालचा एकच स्वर, लांबवलेला, आणि मग श्वास घ्यायला थांबल्यासारखी फट. पुन्हा तोच स्वर.

माझ्या धंद्यात याला आधी कानातला आवाज समजतात. वय झालं की येतो. मी कान दाबले. कानातला आवाज कान दाबल्यावर वाढतो. हा कमी झाला. उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, तेव्हा थांबला. आत कुणी नव्हतं. ओट्यापाशी हवा जरा उबदार वाटली, पण सिलिंडर बंद होता.

दवाखान्यात वासंतीला म्हटलं, "माझी तपासणी कर."

"तुला काय धाड भरलीय?"

"कर तर."

मी काचेच्या खोलीत बसले. वासंतीनं सगळे स्वर वाजवले, खालचे, वरचे. मध्ये ती बराच वेळ थांबली. माझीच युक्ती माझ्यावर. मी बटण दाबलं नाही. कागद हातात देत म्हणाली, "वीस वर्षांच्या पोरीचे कान आहेत. घरी जा."

आलेखावर दोन्ही कानांच्या रेषा वरच्या बाजूला, सरळ. न वाजलेल्या आवाजाला मी बटण दाबत नाही, हे आता लेखी होतं. त्याचा अर्थ काय होतो, ते पेशंटला मी कधी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती.

४

नव्या मजकुरावर आठवड्याला चाळीसऐवजी तीनच पसंती आल्या. त्यातली एक दिगंबर यांची. वय सत्तेचाळीस, पत्नी पाच वर्षांपूर्वी वारल्या, खराडीतल्या एका कंपनीत कामाला. पहिलाच मेसेज होता, 'बोलणंच नव्हतं म्हणजे नेमकं काय? फार विचारतोय असं वाटलं तर उत्तर देऊ नका.' सात महिन्यांत मला कुणी माझ्याबद्दल विचारलं नव्हतं. सगळे तिच्याबद्दल विचारायचे.

आम्ही टिळक रस्त्यावरच्या एका हॉटेलात भेटलो. ते मान जरा तिरकी करून ऐकत होते. मी म्हटलं, "डावा कान दाखवून घ्या."

ते हसले. "आवाज आला की बटण दाबायचं ना? लिहिलं होतंत, तसंच बोलता. बरं वाटलं. माणसं लिहितात एक, निघतात दुसरीच."

निघताना त्यांनी माझ्यासाठी आणखी एक चहा मागवला आणि मला न विचारता साखरेची वाटी माझ्याकडे सरकवली. मी घरी चालत गेले ते जिना चढेपर्यंत हसत होते.

दार उघडलं. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. ओट्यावर चहाचा एक कप होता, अर्धा प्यायलेला. कपाला हात लावला. गरम होता.

मी घर तपासलं. एक खोली तपासायला किती वेळ लागतो? पलंगाखाली, कपाट, न्हाणीघर, माळा. मग दार बंद करून तिथंच जमिनीवर बसले आणि हे कधी सुरू झालं ते मोजलं. मजकूर मंजूर झाला त्या सोमवारपासून. त्याआधी सात महिने काही नव्हतं. ती बाई तिथं होती, साइटवर. मी तिला तिथून काढलं.

हा विचार मूर्खपणाचा आहे हे मला कळत होतं. पण तपासणीचा नियम साधा आहे, एकच गोष्ट बदलायची आणि फरक बघायचा. मी जुना मजकूर परत टाकायचं ठरवलं. साइटवर तो राहिला नव्हता. उल्काकडे फोटो काढून ठेवलेला होता, तो मागवला, शब्द न् शब्द उतरवला आणि 'जतन करा' दाबलं. दिगंबर यांना ते दिसलं तर काय वाटेल, याचा विचार मनात आला होता. तरी दाबलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'मजकूर नाकारण्यात आला आहे. कारण: हा परिचय दुसऱ्या सदस्याच्या परिचयाशी तंतोतंत जुळतो.'

मी साइटच्या मदत केंद्राला फोन केला.

"मॅडम, दुसऱ्या सदस्याची माहिती देता येत नाही."

"तो मजकूर माझा होता."

"आपण तो खोडला होता, मॅडम. आता तो त्यांच्या नावावर आहे. त्यांची ओळख पडताळलेली आहे."

"कधीपासून आहेत त्या तुमच्याकडे?"

पलीकडच्या मुलीनं जरा वेळ घेतला. "तारीख सांगते, बाकी नाही." आणि माझा परिचय मंजूर झाला तो सोमवार सांगितला.

५

शुक्रवारी संध्याकाळी दिगंबर यांचा फोन आला. भेटायला म्हणाले. त्याच हॉटेलात, पण या वेळी ते हसले नाहीत.

"एक विचारतो. तुम्ही एकट्या राहता ना?"

"हो."

"तसं लिहिलंय म्हणूनच मी आलो होतो. म्हणजे, खरं लिहिलंय म्हणून." त्यांनी फोन माझ्यासमोर ठेवला. "मला एका बाईंची पसंती आलीय. नवीन सदस्य आहेत. पत्ता तुम्ही सांगितलेल्या इमारतीजवळचाच वाटला."

पहाटे पाचला उठून रियाज करते. उठल्यावर आधी खिडक्या उघडते. सगळं तेच होतं. नावाच्या जागी नुसता सदस्य क्रमांक, पुढे निळी खूण. फोटो झाकलेला होता. पसंती स्वीकारल्याशिवाय साइट तो धूसरच दाखवते. त्या धुक्यात एक उभी आकृती होती आणि तिच्यामागे हिरवट फरशांचा पट्टा. माझ्या ओट्यामागे तशा फरशा आहेत. तशा पुण्यात हजार घरांत असतील.

"मी त्यांना सरळ लिहिलं," दिगंबर म्हणाले, "की तिथं माझ्या ओळखीच्या सुनीती म्हणून राहतात. तुम्ही ओळखता का?"

"मग?"

त्यांनी पडदा वर सरकवला. उत्तर एका ओळीचं होतं.

'हो, ती माझ्याकडेच असते.'

मी फोन त्यांच्याकडे परत सरकवला. मग म्हटलं, "माझ्या घरी कुणी नाही."

"कुणी मैत्रीण असेल तर असू द्या हो. मला त्याचं काही नाही. फक्त तसं लिहायचं होतं."

"दिगंबर, माझ्या घरी कुणी नाही. रविवारी अकराला या. एकच खोली आहे, डोळ्यांनी बघा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. विश्वास ठेवावा असं त्यांना फार वाटत होतं, ते दिसत होतं. "येतो," म्हणाले.

शनिवारी साइटचा मेसेज आला. 'आपल्या परिचयाविषयी तक्रार आली आहे: दिलेल्या पत्त्यावर या वर्णनाची व्यक्ती राहत नाही. अठ्ठेचाळीस तासांत ओळख पुन्हा पडताळून घ्यावी, अन्यथा परिचय बंद करण्यात येईल.'

श्रीनिवासला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तू दमली आहेस. ते प्रोफाइलच काढून टाक बघू." पर्याय चांगला होता. पण खोडल्यानं काय होतं ते मी एकदा पाहिलं होतं. आता खोडायला उरले होते मीच.

६

रविवारी साडेदहाला मी पडताळणीला बसले. दिगंबर यायच्या आत निळी खूण परत हवी होती. टेबलावर डब्याला टेकवून फोन उभा केला, स्वयंपाकघराकडे पाठ. लख्ख ऊन होतं. खालच्या रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता.

गोल चौकटीत माझा चेहरा आला. कडा हिरवी व्हायला हवी होती. लाल झाली.

फोनमधली बाई म्हणाली, "कृपया चौकटीत एकच व्यक्ती असू द्या."

मी चष्मा पुसला. पुन्हा बसले.

"कृपया चौकटीत एकच व्यक्ती असू द्या."

यंत्राची चूक असते. भिंतीवरच्या कॅलेंडरात चेहरा दिसतो त्याला, पडद्याच्या घडीत दिसतो. माझ्यामागे कॅलेंडर नव्हतं. माझ्यामागे स्वयंपाकघराचं दार होतं, आणि फोनच्या पडद्यावर माझ्या खांद्याच्या वर, त्या दाराच्या चौकटीत, एक लहान चौकोन उमटला होता. चेहरा सापडला की यंत्र काढतं तसा. चौकोनात मला काही दिसलं नाही, उजेडच होता. चौकोन हळूहळू मोठा होत होता.

मागे वळून बघायला हवं होतं. मी वळले नाही. खुर्ची सरकवली, भिंतीला धरून बाहेरच्या दारापर्यंत गेले, बाहेर पडले, दार मागे लोटलं. फोन आत टेबलावरच राहिला. जिन्याच्या पाच-सहा पायऱ्या उतरून कठड्याला धरून उभी राहिले.

दारातून फोनमधल्या बाईचा आवाज नीट येत होता. माझे कान चांगले आहेत.

"डावीकडे बघा."

बारीक टिक वाजली.

"उजवीकडे बघा."

टिक.

"डोळे मिटा."

मला वाटलं, ही नक्की वाजणार नाही. मी मोजत होते. एक, दोन, तीन.

टिक.

"धन्यवाद. आपली ओळख पटली आहे."

खालून पावलं आली. दिगंबर होते. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा खोका, चढून दम लागलेला. वळणावर ते माझ्यासमोर आले आणि मी त्यांचा हात धरायला पुढे झाले.

"दिगंबर, आत जाऊ नका."

ते थांबले. मान जरा तिरकी करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख नसलेल्या शेजारणीकडे बघतात तसं, सभ्यपणे. "माफ करा," म्हणाले, "सुनीती इथंच राहतात ना? तिसरा मजला?"

"मी सुनीती. आपण भेटलो. दोनदा भेटलो."

त्यांच्या कपाळावर आठी आली. काहीतरी आठवायचा त्यांनी खरंच प्रयत्न केला, हे मी शपथेवर सांगेन. तेवढ्यात वर दार उघडल्याचा आवाज झाला. मी उभी होते तिथून दाराची फक्त कड दिसत होती. त्यांना पूर्ण दिसत असणार, कारण त्यांचा चेहरा सैल झाला, ओळखीचं माणूस दिसल्यावर होतो तसा.

"अहो, आलो बरं का," ते वर बघून म्हणाले. "जरा उशीरच झाला."

वरून काही उत्तर आलं. शब्द मला लागले नाहीत. स्वर लागला, तोच, पहाटेचा.

मी त्यांना पुन्हा हाक मारली. मोठ्यानं मारली असं मला वाटतं. त्यांनी माझ्याकडे वळून किंचित मान लववली, उरलेल्या पायऱ्या चढले, दाराशी चपला काढून नीट जोडून ठेवल्या आणि आत गेले. मग आतून कडी लागली.